मोरीखालून किती बेडूक गेले?

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या गेन्सव्हिल शहराच्या दक्षिणेला पेन्स प्रेअरी नावाची विस्तीर्ण पाणथळ जागा आहे. ४४१ क्रमांकाचा महामार्ग ती मधोमध कापत जातो. दोन्ही बाजूंना पाणी, गवत, बेडूक, साप, कासवं आणि मध्ये डांबर. रस्ता बांधल्यापासून तिथे जनावरं चिरडली जात होती. अखेर रस्त्याच्या दोन्ही कडांना सुमारे १.१ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत उभारली गेली. भिंतीच्या माथ्याला १५ सेंटिमीटरचा ओठ बाहेरच्या बाजूला काढला, म्हणजे चढून आलेलं जनावर त्याला अडून खाली पडावं. रस्त्याखाली आधी ४ मोऱ्या होत्या, त्या ८ झाल्या. काम होण्यापूर्वीच्या १२ महिन्यांत त्या पट्ट्यात २४११ मेलेले प्राणी मोजले होते. काम झाल्यानंतरच्या वर्षात मोजले १५८. म्हणजे ९३.५ टक्क्यांची घट.

हा आकडा रस्ते आणि वन्यजीव या विषयावरच्या बहुतेक चर्चांमध्ये येतो. पण मूळ अहवालात त्याच्या शेजारीच एक अट लिहिलेली आहे, ती क्वचितच कोणी सांगतं. या हिशेबातून झाडबेडूक वगळले आहेत. झाडबेडकाच्या बोटांना चिकट गाद्या असतात. सरळ भिंत, बाहेर काढलेला ओठ, त्याला कशाचंच काही वाटत नाही. झाडबेडूक धरून हिशेब केला तर घट ६५ टक्क्यांवर येते. आणखी एक गोष्ट त्यात आहे, आणि मला ती सगळ्यात बोलकी वाटते. भिंतीच्या पट्ट्यात नंतरही जे मृत्यू झाले, त्यांतले ६४ टक्के दोनच ठिकाणी झाले: देखभालीच्या गाड्यांसाठी ठेवलेली एक वाट आणि खाजगी जमिनीलगतचं ३०० मीटरचं साधं कुंपण. एवढी मोठी भिंत बांधली आणि जीव गळत राहिले ते एका फटीतून.

ही फट सापडली, कारण मोजणारे रस्त्यावर नुसता एकूण आकडा मांडत नव्हते. प्रत्येक मृतदेह कुठे पडला ते लिहीत होते. सर्वेक्षण कसं आखलं यावर त्यातून काय कळणार हे ठरतं. आपल्याकडेही आता रस्ते रुंद करताना ‘प्राण्यांसाठी भुयारी मार्ग ठेवले आहेत’ असं सांगितलं जातं. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत अशी ९ बांधकामं आहेत आणि त्यांखालून वाघ गेल्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. बेडकांसाठी असं काही केलं तर ते चाललं की नाही हे कसं ठरवायचं? वाघाच्या पद्धतीने ते ठरत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

पहिली अडचण मोजण्याच्या वस्तूतच आहे. रस्त्यावर मेलेला बेडूक टिकत नाही. पोर्तुगालमध्ये संशोधकांनी रस्त्यावरचे हजारो मृतदेह रोज पाहून ते किती दिवस राहतात याचा हिशेब केला. उभयचरांचे मृतदेह बहुतेक एका दिवसाच्या आत नाहीसे झाले होते. यात नवल नाही. रात्रीच कोल्हा, मांजर, उंदीर येतात. पहाटे कावळे येतात. उरलेलं टायरांना चिकटून जातं. त्यात आपल्याकडचा पाऊस. सह्याद्रीत जोराची सर आली की लहान बेडकाचं कातडं दहा मिनिटांत गटारात जातं. आणि देवगांडूळ! हा बिनपायाचा उभयचर. त्याच्यावरून दोन गाड्या गेल्या की जे उरतं ते गांडूळ होतं, साप होता की दोरीचा तुकडा, हे विजेरीच्या उजेडात वाकून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणून ‘आम्ही सकाळी आठ वाजता जीपमधून घाट पाहिला, ११ बेडूक मेलेले होते’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. जीपमधून रानमांजर दिसतं, भारद्वाज दिसतो. अंगठ्याएवढा बेडूक दिसत नाही. उभयचरांची मोजणी पायी करावी लागते, आणि रात्री, पाऊस पडत असताना किंवा नुकता थांबला असताना.

पायी चालूनही सगळे दिसत नाहीत. पण किती दिसत नाहीत ते मोजता येतं, आणि इथे सर्वेक्षणाचा खरा कस लागतो. समजा, रस्त्यावरून आधी उचललेले ३० मृत बेडूक एका जाणकाराने गुपचूप रस्त्यावर ठेवले. कुठे ठेवले ते मोजणाऱ्यांना सांगितलं नाही. मोजणारे चालत गेले आणि त्यांना १८ सापडले. म्हणजे नजरेची पकड ६० टक्के. आणखी काही मृतदेहांवर बारीक खूण करून दर तासाला पाहिलं, तर मोजणीची वेळ होईपर्यंत त्यांतले निम्मेच उरले होते. मग मोजणीत ३६ बेडूक आले तर खरे मेलेले किती? ३६ ला आधी ०.६ ने भागायचं, मग ०.५ ने. उत्तर येतं १२०. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण पद्धत खरी आहे. हा प्रयोग एकदाच करून भागत नाही. नवे मोजणारे आले, डांबर बदललं, पाऊस वाढला की पकड बदलते. भिंत बांधण्याआधी खडबडीत काळपट रस्ता होता आणि नंतर त्यावर नवं गुळगुळीत डांबर आणि पांढरे पट्टे आले, तर तेवढ्यानेच बेडूक जास्त दिसू लागतील आणि बिचाऱ्या भिंतीवर अपयशाचा शिक्का बसेल.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. मेलेले बेडूक कमी झाले म्हणजे बेडूक वाचले असं नाही. कॅनडात ओटावाच्या परिसरात लेनोर फाहरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कमी, मध्यम आणि जास्त वर्दळीच्या रस्त्यांवर त्यांनी मेलेले आणि जिवंत असे दोन्ही बेडूक मोजले, आणि जवळच्या पाण्यात नर किती जोरात ओरडतात तेही ऐकून नोंदवलं. वर्दळीच्या रस्त्यांवर दर किलोमीटरला मेलेले बेडूक कमी निघाले. पण जिवंत त्याहूनही कमी होते, आणि तळ्यांतला आवाजही बारीक झाला होता. म्हणजे रस्ता सुरक्षित नव्हता. त्याने बेडूक संपवत आणले होते. मारायलाच फारसे उरले नव्हते.

या एका अभ्यासाने मृतदेहांच्या मोजणीचा भाबडेपणा उघडा पाडला. तेव्हापासून ज्याला काम नीट करायचं आहे तो तीन गोष्टी बरोबर ठेवतो: मेलेले किती, जिवंत ओलांडणारे किती, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यात किती. शेवटचं मोजायला फार यंत्रं लागत नाहीत. ठरलेल्या डबक्याशी ठरलेल्या वेळी पाच मिनिटं उभं राहायचं आणि कान द्यायचा. एखाद-दुसरा आवाज, मोजता येतील इतके आवाज, आणि एकमेकांत मिसळून गेलेला गलका अशा पायऱ्यांत नोंद करायची. शिवाय त्याच रात्रीची वर्दळ मोजायची, तासातासाने. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात दिवसाला सुमारे ३२०० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर ओलांडणारा उभयचर मरण्याची शक्यता ३४ ते ६१ टक्के निघाली, आणि मोटरवेवर ८९ ते ९८ टक्के. संथ चालणारे जास्त मेले. गाड्यांची संख्या माहीत नसेल तर मृत्यूंच्या संख्येचा अर्थच लागत नाही.

आता पेन्स प्रेअरीकडे परत येऊ. २४११ आणि १५८. आधीचं एक वर्ष, नंतरचं एक वर्ष, एकच रस्ता. दोन्ही वर्षी पाऊस सारखा पडला होता का? आधीच्या वर्षी एखाद्या जातीची पैदास अफाट झाली असेल तर? बेडकांच्या बाबतीत असं सर्रास होतं. एका वर्षी पिल्लांनी रस्ता हलताना दिसतो, पुढच्या वर्षी चिटपाखरू नाही. त्यात माणसाचा स्वभाव असा की एखादं वर्ष फार वाईट गेलं की ओरड होते, पैसे मंजूर होतात आणि काम सुरू होतं. वाईट वर्षानंतरचं वर्ष तसंही बरं असणारच होतं. श्रेय मात्र भिंतीला जातं.

यावरचा उपाय साधा आहे, फक्त वेळखाऊ आहे. जिथे भिंत होणार तो पट्टा आणि जिथे काहीच होणार नाही असा तसाच दुसरा पट्टा, दोन्हीकडे काम होण्याआधी आणि झाल्यावर, त्याच रात्री, त्याच पद्धतीने मोजायचं. समजा आधी भिंतीच्या पट्ट्यात १२० मेले आणि तुलनेच्या पट्ट्यात १००. नंतर भिंतीच्या पट्ट्यात ४० आणि तुलनेच्या पट्ट्यात ५०. पहिला पट्टाच पाहिला तर ६७ टक्के घट, पेपरात छापून येण्याजोगी. पण तुलनेच्या पट्ट्यात काहीही न करता मृत्यू निम्मे झाले आहेत. म्हणजे भिंत नसती तरी १२० चे ६० झालेच असते. भिंतीने वाचवले ते ६० मधले २०. घट ३३ टक्के. अभियंत्याला आणि मंत्र्याला कुठला आकडा आवडेल हे सांगायला नको.

अशा पद्धतीने केलेलं एक चांगलं काम अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात मंक्टन नावाच्या खेड्यात झालं. तिथे एका बाजूला जंगलाचा उतार आहे, दुसऱ्या बाजूला दलदल. वसंतात पहिल्या ओल्या रात्री सॅलामँडर आणि बेडूक उतारावरून पाण्याकडे निघतात आणि मध्ये रस्ता येतो. २०१५ साली तिथे दोन भुयारी वाटा आणि त्यांच्याकडे वळवणाऱ्या भिंती बांधल्या. महत्त्वाचं हे की मोजणी २०११ पासूनच सुरू झाली होती. आधीची ५ वर्षं, नंतरची ७ वर्षं, एकूण १२. रस्त्याचे तीन प्रकारचे भाग वेगळे ठेवले होते: भिंतीचा भाग, भिंत संपते त्याच्या लगतचा भाग, आणि दूरचा तुलनेचा भाग. मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले. चढणाऱ्या जाती वगळल्या तर ९४ टक्क्यांनी. फ्लोरिडातला झाडबेडूक इथेही हजर होताच, फक्त दुसऱ्या जातीचा. पण या वेळी आकड्यामागे बारा वर्षं आणि तुलनेचा रस्ता उभा होता.

तो मधला, भिंतीच्या टोकालगतचा भाग का हवा? कारण भिंतीला आपटलेला बेडूक परत जातोच असं नाही. तो भिंतीच्या कडेकडेने चालत राहतो आणि टोक आलं की रस्त्यावर चढतो. मग भिंतीच्या पट्ट्यात मृत्यू शून्य आणि टोकाला ढीग. फक्त भिंतीचा भाग मोजला तर योजना यशस्वी. तुलनेचा पट्टा टोकाला चिकटून घेतला तर योजना प्रत्यक्षाहूनही यशस्वी, कारण तिथले मृत्यू वाढलेले असतात. सर्वेक्षणातली ही चूक मुद्दाम कोणी करत नाही. नकाशावर रेघ मारताना ती आपोआप होते.

आता भुयाराच्या तोंडाशी येऊ. पेंचला वापरले तसे कॅमेरे इथे लावले तर महिनाभरात मांजरं, मुंगसं आणि वाट चुकलेलं कुत्रं दिसेल, बेडूक क्वचितच. हे कॅमेरे आजूबाजूपेक्षा गरम अंग हलताना जाणवलं की फोटो काढतात. बेडकाचं अंग भोवतालच्या हवेइतकंच गार. कॅमेऱ्याच्या लेखी तो नाहीच. म्हणून एक तर दर अर्ध्या मिनिटाला आपोआप फोटो घेणारा कॅमेरा लावतात आणि हजारो रिकाम्या फोटोंतून शोधत बसतात, किंवा भुयाराच्या दाराशी जमिनीलगत किरणाची रेघ आखतात, ती बेडकाने तोडली की फोटो निघतो. दोन्ही चालतात. दोन्ही कंटाळवाणे आहेत.

पण ‘मोरीखालून ३०० बेडूक गेले’ हेही उत्तर पुरं नाही. किती आले होते? मॅसॅच्युसेट्समधल्या ॲम्हर्स्टला १९८७ साली सॅलामँडरांसाठी दोन भुयारं बांधली. तिथे पाहणाऱ्यांनी हुशारीने दाराशी आलेलेही मोजले. दारापर्यंत पोचलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश आत गेले. उरलेले अंधार पाहून थबकले आणि माघारी वळले. आणि दारापर्यंत न पोचणारे वेगळेच. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात तिथल्या वाघसॅलामँडरांनी कुंपणाच्या कडेने सरासरी सुमारे ४० मीटर चालून नाद सोडला. म्हणजे दोन भुयारांत २०० मीटरचं अंतर असेल, तर मधोमध भिंतीला आलेल्याला ते सापडणारच नाही. तो मेला नाही हे खरं, पण पाण्यापर्यंतही गेला नाही. त्या वर्षीची त्याची अंडी पडली नाहीत. मृतदेहांच्या मोजणीत हा बेडूक वाचलेला दिसतो. पिढीच्या हिशेबात तो गेलेला असतो. हे पकडायचं तर भिंतीशी सापडलेल्या बेडकांचे अंगावरच्या नक्षीसकट फोटो काढायचे, आणि तेच बेडूक पलीकडे पाण्याशी दिसतात का ते पाहायचं. ठिपके आणि पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे खूण करायची गरज नाही.

आपल्याकडे हे सगळं कुठे करायचं म्हटलं तर माझ्या मनात पहिलं नाव येतं आंबोलीचं. सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा रस्ता, प्रचंड पाऊस, आणि तिथे राहणारा एक भेक, ज्याला २००९ मध्ये ‘झँथोफ्रिने’ ही नवी प्रजाती मिळाली. ‘टायग्रिना’ हे त्याचं नाव कुशीवरच्या वाघासारख्या पट्ट्यांवरून आलं. आंबोलीबाहेर तो फारसा नाहीच आणि जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. तो पैदास करतो ती सड्यावरच्या उथळ डबक्यांत, पावसाळ्याच्या अगदी सुरुवातीला, मोजक्या रात्रींत. आणि बरोबर त्याच सुमारास शनिवार-रविवारी धबधबा बघायला गाड्यांची रीघ लागते.

अशा ठिकाणी मी सर्वेक्षण कसं आखीन? रस्त्याचे १०० मीटरचे तुकडे पाडीन आणि प्रत्येकाला खांबावर रंगाने क्रमांक देईन. पाणी, सडा, जंगल, घरं यांप्रमाणे तुकड्यांचे गट करीन आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून काही निवडीन. ‘इथे फार मरतात हो’ असं चहावाल्याने सांगितलेली जागा मोलाची आहे, पण तेवढ्याच जागा घेतल्या तर सगळा रस्ता मसणवट दिसेल. पहिल्या वळवाच्या रात्रीपासून सुरुवात. जूनमध्ये पुढे ढकलली तर भेकाचा हंगामच हातून गेला. शनिवारची रात्र आणि मंगळवारची रात्र दोन्ही घ्यायच्या, नाहीतर गाड्यांचा परिणाम आणि पावसाचा परिणाम एकात एक गुंतून बसतो. दोघं मिळून चालतील, एकाच वेगाने, एक कडा जाताना आणि दुसरी येताना. अंगावर चमकणारी जाकिटं, आणि धुक्यात दहा पावलांपलीकडे दिसेनासं झालं की मोजणी बंद. मोजलेला मृतदेह फोटो काढून रस्त्याबाहेर टाकायचा, म्हणजे उद्या तोच पुन्हा मोजला जाणार नाही. शून्य मिळालं तर शून्यही लिहायचं. हौशी मोजणीदार हमखास इथे चुकतात. काही न सापडलेली रात्र वहीत येतच नाही आणि वर्षाच्या शेवटी सरासरी फुगते.

घाटात एक गोष्ट मात्र परदेशी नमुन्यात बसत नाही. आपल्या रस्त्याखाली मोऱ्या आधीच आहेत, दर वळणावर. त्या पाणी वाहून नेण्यासाठी आहेत आणि ऐन पावसात त्यांतून लोंढा जातो. त्यात शिरलेला बेडूक ओलांडत नाही, वाहून जातो. शिवाय डोंगराच्या बाजूचं खोल सिमेंटचं गटार म्हणजे बेडकासाठी सापळाच: आत पडलेला बाहेर येत नाही. तेव्हा सर्वेक्षणात रस्त्याइतकंच गटारही पाहावं लागेल. कदाचित असं निघेल की नवं भुयार बांधण्याऐवजी गटाराला दर काही मीटरवर खडबडीत उतार आणि मोरीच्या एका कडेला कोरडी पायरी एवढ्याने बरंच साधतं. कदाचित नाही निघणार. मोजल्याशिवाय दोन्ही म्हणणं सारखंच.

किती मृत्यू फार म्हणायचे, यालाही एक अंदाज उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या ठिपकेदार सॅलामँडरवर केलेल्या गणितात, रस्त्यावर मरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण वर्षाला १० टक्क्यांच्या वर गेलं तर ती स्थानिक वस्ती हळूहळू संपू शकते असं दिसलं. आंबोलीच्या भेकाचं आयुष्य वेगळं, त्याचा उंबरठा वेगळा असणार. पण आकडा टक्क्यात आहे हे लक्षात घ्या. खाली भागायला एकूण भेक किती हे लागतं, आणि ते रस्त्यावर नव्हे, सड्यावर जाऊन मोजावे लागतात.

तुमच्या भागातल्या एखाद्या घाटरस्त्याच्या रुंदीकरणाची जनसुनावणी लागली आणि त्यात प्राण्यांच्या भुयारांचा उल्लेख आला, तर दोनच प्रश्न विचारा. मोजणी काम सुरू होण्याआधी किती पावसाळे झाली? आणि तुलनेला कुठला पट्टा धरला आहे? या दोन्हींची उत्तरं सुनावणीच्या कागदात असायला हवीत, कारण खोदकाम एकदा सुरू झालं की ‘आधी’चा आकडा मिळवण्याचा मार्ग उरत नाही.